नुकिना-सानांनी स्वतःची रजा परत पाठवली

नुकिना मोरिओ या गृहस्थांना रजा घेता येत नाही. मिळत नाही असं नव्हे, घेता येत नाही. काही लोकांना शिट्टी वाजवता येत नाही, तसंच हे. सदतीस वर्षांत त्यांनी स्वतःहून एकदाच रजा मागितली, मुलगी झाली तेव्हा, तीही अर्ध्या दिवसाची. दुपारी एकला परत येऊन भट्टीपुढे उभे होते. मुलगी की मुलगा, असं विचारल्यावर म्हणाले होते, "बघून आलोय, पण घाईत होतो."

मी हिबिनो. याच कारखान्याच्या कार्यालयात बसते. पगारपत्रकं, गणवेश, चहाची पावडर, संडासातले दिवे आणि रजा, हे सगळं माझ्याकडे. आम्ही गाड्यांच्या स्प्रिंगा बनवतो. तार गुंडाळून स्प्रिंग तयार झाली की ती भट्टीतून जाते, तेव्हा कुठे तिच्यात जीव येतो. त्या भट्टीखात्याचे मुकादम म्हणजे नुकिना-सान. हाताखाली अकरा माणसं. सगळे त्यांना 'हान्चो' म्हणतात, म्हणजे मुकादमच, पण जरा मायेने. वय एकोणसाठ. तरुणपणीची वीस वर्षं भट्टी तार गुंडाळणाऱ्या यंत्रांना लागूनच होती, त्या खडखडाटाने कान गेले. गेले म्हणजे जात चाललेत. दरवर्षी कारखान्यात कानांची तपासणी होते आणि दरवर्षी कागदावरची ती रेघ थोडी खाली घसरते. मीच तो कागद फाइलला लावते, म्हणून मला ठाऊक.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि टोपी काढून उभे राहिले. टोपी काढली म्हणजे प्रकरण गंभीर.

"हिबिनो-सान, एक विचारायचं होतं. रजा म्हणतात ती कशी असते?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण नुकिना-सानांना चेष्टाही करता येत नाही.

प्रकरण असं होतं. त्यांच्या बायको, फुसाए-सान, मूळच्या उत्तरेकडल्या मोम्बेत्सु बंदराच्या. तिथे फेब्रुवारीत ओखोत्स्कचा समुद्र बर्फाने भरून जातो. लांबून वाहत आलेले बर्फाचे तुकडे किनाऱ्याशी दाटतात आणि एकमेकांवर घासून आवाज करतात. फुसाए-सान अकरा वर्षांच्या असताना वडिलांनी गाव सोडलं. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला सांगत आल्यात, तो आवाज एकदा तुम्ही ऐकायला हवा. नवरा एकतीस वर्षं म्हणत आलाय, "पुढच्या वर्षी." गेल्या डिसेंबरात फुसाए-सानांनी नवऱ्याच्या कानांचा तो कागद पाहिला. दुसऱ्याच दिवशी जाऊन चार दिवसांच्या सहलीत दोन नावं घालून आल्या. शनिवार एकवीस ते मंगळवार चोवीस फेब्रुवारी.

"ती म्हणते, तुम्ही नाही आलात तर भजनी मंडळातल्या कियोमीला नेईन," नुकिना-सान म्हणाले.

भजनी मंडळ मी म्हणते आपलं. सामुदायिक गाणं आहे ते, दर गुरुवारी, गावच्या सभागृहात.

"मग जा की! अडलंय कुठे?"

"पुढच्या वर्षी मला तो ऐकू येईल की नाही, सांगता येत नाही म्हणते." त्यांनी टोपी उलटीसुलटी केली. "तिचंही बरोबर आहे."

पुढे मी ज्या ज्या गोष्टींवर चिडले, त्या सगळ्यांत हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. नाहीतर मी एवढी चिडत नाही. म्हणजे चिडते, पण एवढी नाही.

तर मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे रजेचा कागद असायचा, त्यावर शिक्के. आता सगळं संगणकावर, आणि खात्याखात्यात एकेक टॅब्लेट टांगलेला. नुकिना-सानांचं पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत: शिल्लक ३७.०.

"सदतीस!" त्यांचा चेहरा उजळला. "मला सदतीस वर्षं झाली म्हणून?"

"नाही हो. दर एक एप्रिलला तुम्हाला वीस दिवस मिळतात. न घेतलेले एक वर्ष पुढे चालतात. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला तुमचे मागचे वीस आणि नवे वीस, चाळीस होते. त्यातले तीन गेले. खाली बघा, मागचे सतरा, या वर्षीचे वीस."

"तीन कुठे गेले? मी घेतले नाहीत."

"कंपनीने घेतले तुमच्यासाठी. दोन ऑगस्टात ओबोनच्या सुट्टीला जोडून, एक नववर्षाला. सगळ्यांचेच."

"अच्छा. म्हणजे सदतीस राहिले. राहू देत. अडीअडचणीला होतील."

"राहत नाहीत, तेच सांगतेय! मागचे सतरा एकतीस मार्चला संपणार. एक एप्रिलला तिथे पुन्हा चाळीस दिसतील, पण हे सतरा त्यात नसणार."

त्यांनी त्या सतरावर बोट ठेवलं. "कोण घेतं?"

"कुणी नाही. मरतात."

"मग ओबाताला द्या. त्याला लागतात."

ओबाता म्हणजे त्यांच्या हाताखालचा जुना कारागीर. मी सांगितलं की रजा लोणच्यासारखी शेजारी देता येत नाही. आणि एक गोष्ट समजावली, जी पुढे कामाला आली. कायद्याने प्रत्येकाला वर्षात निदान पाच दिवस रजा घ्यायला लावणं कंपनीला भाग आहे. आपण नाही घेतली तर शिक्षा आपल्याला नव्हे, कंपनीला. गेल्या वर्षापर्यंत पाचही दिवस कंपनीच आखून द्यायची, त्यामुळे नुकिना-सान सुखात होते. रजा त्यांच्यावर येऊन पडायची, पाऊस पडावा तशी. या वर्षी कंपनीने आणि युनियनने मिळून ठरवलं, तीन दिवस सामायिक, दोन ज्याचे त्याने निवडावे. नुकिना-सानांचे ते दोन निवडायचे राहिले होते.

"सोमवार तेवीस, मंगळवार चोवीस. दोन दिवस. देवाने मोजून पाठवलेत," मी म्हटलं. "टाका अर्ज."

त्यांनी एका बोटाने तारखा टाकल्या. स्क्रीनवर आलं: तेवीस तारीख सुट्टीची आहे. मोजलेली रजा १.०.

नुकिना-सान ताडकन उभे राहिले. "तेवीसला सुट्टी? कुणी दिली? माझ्या भट्टीत त्या दिवशी दोन टन माल आहे!"

आता हे असं की, तेवीस फेब्रुवारी देशाला सुट्टी, आम्हाला नाही. गाड्यांच्या धंद्यातले कारखाने असल्या एकेकट्या सुट्ट्या पाळत नाहीत. त्या दिवशी भट्टी चालते, आणि मे महिन्यात, ओबोनला म्हणजे पितरांच्या सणाला, नववर्षाला लांबलचक सुट्टी मिळते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारीख लाल असते आणि नवरा डबा घेऊन निघतो, हे इथल्या बायकांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळतं. नागोयाच्या आमच्या विक्री कार्यालयात मात्र देशाच्या सुट्ट्या चालतात. म्हणून सिस्टीममध्ये दोन सुट्टीपत्रकं आहेत, एक कारखान्याचं, एक नागोयाचं, आणि प्रत्येक माणसाला त्यातलं एक जोडावं लागतं.

नुकिना-सानांना नागोयाचं जोडलं होतं. ऑक्टोबरात कुणी जोडलं? मी. दोनशे चाळीस नावं होती आणि जेवणाची वेळ झाली होती. पुढे बोलायची गरज नाही.

मी सुट्टीपत्रक बदललं. तेवीस तारीख पांढरी झाली. मोजलेली रजा २.०. नुकिना-सान शांत होऊन खाली बसले. सुट्टी काढून घेतल्यावर इतका समाधानी झालेला माणूस मी पाहिला नाही.

"आज टाकायचा?"

"आजच!"

"नको. महिनाअखेर आहे, साहेब गडबडीत असतात. मोकळे झाले की टाकतो."

साहेबांची सोय बघता बघता त्यांनी अर्ज टाकला तो नऊ फेब्रुवारीला. आणि साहेब खरंच मोकळे झाले होते, इतके मोकळे की कारखान्यातच नव्हते. विभागप्रमुख साकाकीबारा-सान, वय अडतीस, यांना जुळं झालं आणि ते दोन तारखेपासून चार आठवडे बाळंतपणाच्या रजेवर गेले. वडिलांनाही मिळते ती आता. जाण्याआधी शिस्तीत एक काम करून गेले. आपल्या गैरहजेरीत आपल्याकडे येणाऱ्या रजा कुणी मान्य करायच्या, तर खात्यातला सर्वांत भरवशाचा माणूस म्हणून नाव टाकलं, नुकिना.

खात्यातल्या माणसाची रजा आधी नुकिना-सानांकडे येते, मुकादम म्हणून. मग विभागप्रमुखाकडे. दोन किंवा जास्त दिवसांची असेल तर कारखान्याचे मोठे साहेब अमानो-सान यांच्याकडे, आणि शेवटी माझ्याकडे. साकाकीबारा-सान गेल्यापासून पहिल्या दोन्ही पायऱ्यांवर नुकिना-सानच बसले होते. दुसरा कुणी असता तर बोटाने दोनदा टकटक करून मोकळा झाला असता. नुकिना-सान एकदा मुकादम म्हणून अर्ज वाचायचे, मान्य करायचे, टॅब्लेट खुंटीला लावायचे, भट्टीला एक फेरी मारायचे, आणि परत येऊन विभागप्रमुख म्हणून तोच अर्ज नव्याने वाचायचे. ओबाताने विचारलं तर म्हणाले, "साकाकीबारा-सानांना कदाचित वेगळं वाटलं असतं."

त्यांचा स्वतःचा अर्ज सुरू होतो तो सरळ विभागप्रमुखाच्या पायरीवर. म्हणजे कुणाकडे गेला असेल, सांगायला नको. शहाणी सिस्टीम असती तर तिने तो अमानो-सानांकडे सरकवला असता. आमचीने तेवढं केलं की स्वतःच्या अर्जावर 'मान्य' हे बटण दाबता येऊ नये म्हणून ते राखाडी करून टाकलं. 'परत पाठवा' हे बटण मात्र हिरवंगार ठेवलं. आपण स्वतःवर मेहेरबानी करू ही शंका सिस्टीम बनवणाऱ्याला आली. नुकिना-सानांसारखा माणूस जगात असेल ही आली नाही.

चार दिवस ते वाट बघत राहिले. आपल्या पानावर 'विभागप्रमुख: प्रतीक्षेत' एवढंच दिसत होतं. आता जुळ्यांच्या बापाला घाई कशी करायची! त्या आठवड्यात खात्यातून दुसरा अर्ज नव्हता, म्हणून ती यादी उघडलीच नव्हती. मग तेरा तारखेला, शुक्रवारी, दुपारी साडेचारला त्यांनी विभागप्रमुखाच्या नावावर आलेले अर्ज बघायला टॅब्लेट काढला. पुढचं मला ओबाताने सांगितलं, तो शेजारीच हातमोजे वाळत घालत होता.

"हान्चो एकदम सरळ बसले," ओबाता म्हणाला. "म्हटलं काय झालं? तर म्हणाले, नुकिनाचा अर्ज आलाय."

"मग?"

"मग वाचला. दोनदा वाचला. मग उठले आणि फळ्याजवळ गेले. स्वतः टाकताना बघितला नव्हता म्हणे, तपासणं साहेबांचं काम."

भट्टीखात्याच्या फळ्यावर नुकिना-सानांच्या अक्षरात वीस वर्षं एक ओळ लिहिलेली आहे: एका दिवशी दोघांहून जास्त रजेवर नकोत. खाली महिन्याचं पत्रक. चोवीस तारखेच्या चौकोनात दोन नावं आधीच होती. ओबाता, दाढ काढायला. आणि हिगा, ब्राझीलहून आलेला भट्टीवरचा तरुण गडी, आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला.

"मी म्हटलं, हान्चो, स्वतःचाच आहे, जाऊ द्या की," ओबाता म्हणाला. "तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भट्टीत चप्पल टाकलीय. म्हणाले, स्वतःचा असता तर विचार केला असता. आत्ता मी साकाकीबारा-सानांच्या जागी आहे."

आणि हिरवं बटण दाबलं. शेरा लिहिला: 'त्या दिवशी खात्यातले दोघे आधीच रजेवर आहेत. कृपया तारखेचा फेरविचार करावा.'

लगेच त्यांच्या टॅब्लेटवर निरोप वाजला: तुमचा अर्ज परत आला आहे. तो त्यांनी उघडला, वाचला, आणि मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले. ओबाता शपथेवर सांगतो, त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं होतं, पण रागाचं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "नाही मिळाली. कारण योग्य होतं."

सोमवारी सकाळी साडेनऊला फुसाए-सान माझ्यासमोर उभ्या. ठेंगणी बाई, अंगावर चांगला कोट, हातात भाताच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा. भांडायला येतानाही रिकाम्या हाताने यायचं नाही, अशा घरच्या.

"हिबिनो-सान, आमच्या यांच्यामुळे तुम्हाला नेहमी त्रास होतो," असं म्हणून वाकल्या, डबा ठेवला आणि सरळ होऊन म्हणाल्या, "आता सांगा, तो मेला कोण?"

"कोण?"

"ज्याने यांची रजा परत पाठवली तो! सदतीस वर्षं राबलाय हा माणूस तुमच्याकडे. मला त्याचं नाव हवंय. हे सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, प्रामाणिक माणूस आहे, त्याला दोष देऊ नकोस."

मी अर्ज उघडला. इतिहास बघितला. स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची की नाही, असा क्षणभर विचार केला आणि वळवली.

अर्जदार: नुकिना मोरिओ. परत पाठवणारा: नुकिना मोरिओ (विभागप्रमुखाच्या जागी).

फुसाए-सानांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडताहेत. खांदे हलत होते. हसत होत्या त्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या, डबा स्वतःच उघडला आणि एक बिस्किट मोडलं.

"एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी या माणसाच्या साहेबांना शिव्या घालत आले." मग हसू थांबलं. "हिबिनो-सान, परवा मी मागून हाक मारली, तीनदा. ऐकूच नाही आली. कियोमीला नेऊन मला काय करायचंय? तिचे कान चांगलेच आहेत."

मी म्हटलं, "नुकिना-सान जातील. मी बघते."

बोलून तर बसले. आता बघणं आलं.

मान्यतेची साखळी बदलणं सोपं होतं, तेवढा अधिकार माझ्याकडे आहे. मी त्यांच्या अर्जापुरतं विभागप्रमुखाच्या जागी अमानो-सानांचं नाव घातलं आणि नुकिना-सानांना फोन केला, अर्ज पुन्हा टाका. ते म्हणाले, टाकता येणार नाही, चोवीसला दोघे आहेत. म्हटलं, अहो, तो नियम तुमचाच! म्हणाले, म्हणूनच.

ही बातमी जेवणाच्या सुट्टीत करीभाताच्या रांगेत पसरली. मंगळवारी सकाळी ओबाताने आपली मान्य झालेली रजा रद्द करायचा अर्ज टाकला. आता रद्द करायचा अर्जही त्याच वाटेने जातो. म्हणजे पहिली पायरी, नुकिना-सान.

ओबाताचं कारण: 'दाढ दुखायची थांबली.'

शेरा: 'दाढ आपोआप थांबत नसते. जाऊन काढून घ्यावी.' परत.

दुपारी हिगाचा अर्ज. कारण: 'आईचे डोळे बरे झाले.'

शेरा: 'गेल्या रविवारी बाजारात त्यांनी मला अमानो-सान समजून वाकून नमस्कार केला. डोळे दाखवावेत.' परत.

ओबाताने पुन्हा टाकला: 'दाढेवर माझं प्रेम आहे.' परत, शेऱ्याशिवाय. हिगाने टाकला: 'आईला हान्चोच अमानो-सान म्हणून आवडतात.' त्यावर मात्र मोठा शेरा आला, सरकारी साधनाचा असा वापर करू नये वगैरे. कारखाना खाजगी आहे, पण नुकिना-सानांना टॅब्लेट सरकारीच वाटतो. बुधवार संध्याकाळपर्यंत माझ्या स्क्रीनवर भट्टीखात्याच्या सात परत गेलेल्या अर्जांची रांग होती आणि सहल तीन दिवसांवर आली होती.

त्या संध्याकाळी मी रागारागाने नुकिना-सानांचं पान उघडून बसले. शिल्लक ३७.०. घेतलेली ३.०. आणि खाली, लाल अक्षरांत, मी रोज बघते आणि रोज विसरते अशी ओळ: पाच दिवसांना २.० कमी.

मी खुर्चीतून उठलेच. पाच दिवस माणसाने स्वतः घेतले नाहीत तर कंपनीने त्याचं मत विचारून तारखा ठरवून द्यायच्या. कायदाच आहे. आणि कंपनीने ठरवून दिलेली रजा कुठल्या साखळीतून जात नाही. ती मी इथून थेट भरते. तिथे ना मुकादमाची पायरी, ना हिरवं बटण.

गुरुवारी सकाळी अमानो-सानांनी नुकिना-सानांना बोलावलं. अमानो-सान मोठे साहेब खरे, पण पंचवीस वर्षांपूर्वी भट्टीवर नुकिना-सानांच्याच हाताखाली शिकलेले. त्यामुळे दोघं समोरासमोर आले की कुणी कुणापुढे जास्त वाकायचं यातच दोन मिनिटं जातात. मी वही घेऊन बाजूला बसले.

"नुकिना-सान," मी म्हटलं, "तुमचे दोन दिवस राहिलेत. एकतीस मार्चच्या आत कंपनी ते ठरवून देणार. तुमचं मत विचारणं माझं काम आहे. कुठल्या तारखा हव्यात?"

"कुठल्याही चालतील. कामाला अडचण नको."

"नऊ फेब्रुवारीला तुम्ही तेवीस आणि चोवीस मागितल्यात. लेखी आहे माझ्याकडे."

"तो अर्ज परत गेलाय."

"कुणी पाठवला?"

ते टोपीकडे बघत राहिले. "मी."

"मी परत पाठवणाऱ्याचं मत विचारत नाहीये. मागणाऱ्याचं विचारतेय."

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. मग फार हळू आवाजात, जसा आपल्याच कानांवर विश्वास नसलेला माणूस बोलतो तसे, ते म्हणाले, "मागणाऱ्याला जायचंय."

मी वहीत लिहिलं.

"तेवीस आणि चोवीस," अमानो-सान म्हणाले. "कंपनीने ठरवून दिली. नुकिना-सान, ही रजा नाही, हुकूम आहे."

नुकिना-सान उठून उभे राहिले, ताठ. "समजलं!" एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. सदतीस वर्षांत त्यांनी हुकूम मोडला नव्हता, आणि आता मोडायची सोय नव्हती. चेहऱ्यावर एकाएकी जो हलकेपणा आला तो बघून मला कळलं, या माणसाला जायचं केव्हापासून होतं. फक्त कुणीतरी ढकलायला हवं होतं.

दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "पण चोवीसला भट्टीवर तिसरा माणूस?"

"मी उभा राहतो," अमानो-सान म्हणाले.

नुकिना-सानांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी भीती दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांच्या टेबलावर हाताने लिहिलेला चौदा मुद्द्यांचा कागद होता. पहिला मुद्दा: 'टाय काढावा.'

चोवीसला अमानो-सानांनी एक हातमोजा जाळला आणि हिगाने फळ्यावर त्यांच्या नावापुढे 'शिकाऊ' असं लिहिलं. बाकी दोन्ही दिवस माल वेळेवर गेला.

पंचवीसला सकाळी नुकिना-सान खात्याखात्यातून फिरले. हातात उत्तरेकडच्या दुधाच्या वड्यांचे तीन मोठे खोके. प्रत्येकापुढे एकेक वडी आणि एकेक वाकणं. "माझ्यामुळे फार अडचण झाली." दोनशे चाळीस वेळा. मी नावं जोडताना जशी घाई केली तशी त्यांनी एकदाही केली नाही. शेवटी माझ्या टेबलापाशी आले.

"ऐकू आला?" मी विचारलं. सकाळपासून मला तेवढंच विचारायचं होतं.

त्यांनी विचार केला. "पहिल्या दिवशी वारा होता, काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फुसाए माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो. सोमवारी पहाटे वारा पडला. ती म्हणाली, ऐका. मला काही नाही. मग तिने माझी टोपी काढली आणि हाताने कान पुढे धरला, असा. तेव्हा आला. थंड भट्टीचं दार सकाळी पहिल्यांदा उघडताना करकरतं ना, तसा. सगळा समुद्र करकरत होता, हिबिनो-सान."

"आणि फुसाए-सान?"

"ती रडत होती. म्हणाली, आज तरी रजेवर आहात ना, मग कामावरून भट्टी कशाला आणलीत इथे."

मला हसावं की काय करावं कळेना. मी वडी खाल्ली.

एवढ्यावर मी ही हकिगत संपवली असती. पण एकोणीस मार्चला माझ्या स्क्रीनवर एक अर्ज येऊन थांबला. साखळीतला शेवटचा टप्पा, म्हणजे मी. साकाकीबारा-सान जुळ्यांतून सुटून कामावर परतले होते आणि त्यांनी तो एका मिनिटात मान्य केला होता. अर्जदार, नुकिना मोरिओ. सव्वीस मार्च, गुरुवार, दुपारचा अर्धा दिवस. फळ्यावर त्या दिवशी एकच नाव होतं, मी मुद्दाम जाऊन बघितलं. कुणी हुकूम दिला नव्हता. पाच दिवस कधीच भरले होते. सदतीस वर्षांतली स्वतःहून मागितलेली आणि परत न पाठवलेली दुसरी रजा.

अर्जात कारणाचा रकाना असतो. तो भरायची सक्ती नाही, भरला तर सगळे 'खाजगी काम' लिहितात, मीच तसं शिकवते. नुकिना-सानांनी एका बोटाने संपूर्ण भरला होता.

'बायको गुरुवारी सभागृहात गाते. ऐकू येतंय तोवर ऐकायचं आहे.'

मी मान्य केलं.